पोह्यांच्या स्टीमरची बाजारपेठ खालून वर मोजताना: इंदूरच्या प्रकल्प नोंदी

11 नोव्हेंबर 2024, सोमवार

आजपासून स्टीमरच्या बाजारपेठेचा अंदाज नव्याने बांधायला घेतला आहे. वस्तू साधी आहे. इंदुरात सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर खाली पाण्याचे पातेले सतत उकळत असते आणि त्याच्या वाफेवर पोह्यांची परात ठेवलेली असते, त्यामुळे पोहे तासन्‌तास मऊ आणि गरम राहतात. हे पातेले बहुधा कडेने उघडेच असते, बरीचशी वाफ पोह्यांपर्यंत न पोहोचता हवेत जाते आणि तिच्याबरोबर गॅसही जातो. आमच्या स्टीमरला दुहेरी भिंत, परातीला घट्ट बसणारी कडा आणि ज्योत आपोआप कमी करणारा व्हॉल्व्ह आहे. किंमत 8,500 रुपये ठरवली आहे.

अंदाज कशासाठी हवा आहे, हे आधी लिहून ठेवतो, कारण त्यावरच तो किती बारकाईने करायचा हे ठरेल. सांवेर रोडवरच्या फॅब्रिकेटरकडे पत्रा वाकवून, वेल्डिंग करून स्टीमर जॉबवर्कवर बनवून घेता येतो. दुसरा मार्ग म्हणजे प्रेसवर दाबून बनवण्यासाठी स्वतःचा साचा, म्हणजे डाय, करवून घेणे. डायचा खर्च साडेचार लाख रुपये सांगितला आहे आणि तिच्यामुळे प्रत्येक नगामागे सुमारे 700 रुपये वाचतील. म्हणजे डायचा पैसा वसूल व्हायला सुमारे 643 नग विकले गेले पाहिजेत. म्हणून प्रश्न ‘बाजारपेठ किती मोठी आहे’ असा मोघम नाही. दोन-तीन वर्षांत 643 चा आकडा पार होईल का, हा आहे.

आमच्या भागीदारांनी बँकेला दाखवण्यासाठी केलेल्या टिपणात आकडा आहे, पण तो वरून खाली उतरत आला आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांचे प्रमाण दिले आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे इंदूर महापालिकेची लोकसंख्या सुमारे 19.6 लाख, त्याचे अडीच टक्के म्हणजे 49,000 विक्रेते. त्यातले 10 टक्के पोहेवाले धरले की 4,900, आणि पहिल्या वर्षी त्यातले 20 टक्के आपल्याकडे आले की 980 नग, म्हणजे 83 लाखांची विक्री. हा हिशेब ऐकायला फार नेटका आहे आणि त्यात एक सरकारी आकडा असल्यामुळे तो खराही वाटतो. पण कायद्यातले अडीच टक्के ही विक्रेत्यांना सामावून घेण्याची कमाल मर्यादा आहे. रस्त्यावर प्रत्यक्ष किती जण उभे असतात, याची ती मोजणी नव्हे. 10 आणि 20 टक्क्यांच्या मागे तर काहीच नाही. माझा मुख्य आक्षेप आकडा मोठा असण्याला नाही. या साखळीतली कोणतीही कडी उद्या सकाळी रस्त्यावर जाऊन तपासता येत नाही, आणि म्हणून ती चुकली आहे की नाही हे कधीच कळणार नाही, याला आहे.

खालून वर जाणारा हिशेब असा मांडला आहे: शहरात पोह्यांचे ठेले आणि दुकाने किती, त्यातल्या किती ठिकाणी गॅसवर तासन्‌तास वाफ चालू असते, त्यातल्या कितींचा गॅस इतका वाया जातो की 8,500 रुपये वाजवी मुदतीत परत येतील, त्यातले किती जण खरोखर पैसे काढतील, आणि आपण वर्षभरात कितींपर्यंत पोहोचू शकतो. पाचही प्रश्नांची उत्तरे डोळ्यांनी पाहून, मोजून किंवा करून बघून मिळू शकतात.

14 नोव्हेंबर, गुरुवार

मोजणीची पद्धत ठरली. महापालिकेचे 85 वॉर्ड आहेत आणि सगळे मोजण्याची गरज नाही, पण सोयीचे तेवढेच निवडले तर हिशेब पहिल्याच पायरीवर वाकडा होईल. राजवाडा, मल्हारगंज या भागांत फिरून आलेल्या माणसाला अख्खे इंदूर पोह्यांवरच चालते असे वाटते, आणि बाहेरच्या नव्या कॉलन्यांत फिरलेल्याला ठेला शोधावा लागतो. म्हणून वॉर्डांचे तीन गट केले: जुन्या शहराचे आणि बाजारांचे 20, मधल्या वस्तीचे 30 (भंवरकुआंसारखे कोचिंग क्लासचे भाग यात आले), आणि कडेच्या वस्तीचे 35. ही विभागणी आमची आहे, महापालिकेची नाही. प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून वॉर्ड काढले: अनुक्रमे 4, 5 आणि 4.

कोणाला मोजायचे याची व्याख्या लिहून काढणे वाटले त्यापेक्षा जास्त महत्त्वाचे ठरले. जलेबी, कचोरी विकणारा आणि सोबत थोडे पोहे ठेवणारा मिठाईवाला मोजायचा का? आम्ही ठरवले की गिऱ्हाइकासमोर पोह्यांची वेगळी परात वाफेवर किंवा चुलीवर मांडलेली असेल तर तो मोजायचा. आत स्वयंपाकघरात बनवून ताटलीत आणून देणारे हॉटेल मोजायचे नाही, कारण त्याला आमची वस्तू लागणार नाही. मोजणीची वेळ सकाळी सात ते दहा. रविवार वगळला आहे, कारण त्या दिवशी काही ठिकाणी केवळ सुट्टीच्या गर्दीसाठी जादा ठेले लागतात.

19 नोव्हेंबर, मंगळवार

प्रत्येक निवडलेल्या वॉर्डात दोन माणसे स्वतंत्रपणे फिरत आहेत, एकमेकांना यादी न दाखवता. हे खर्चिक आहे, पण त्याचे कारण सांगतो. एकटा माणूस फिरला की गल्लीच्या तोंडाशी नऊ वाजता उठून जाणारी हातगाडी किंवा कॉलनीच्या आतली गुमटी त्याच्या नजरेतून सुटते, आणि किती सुटल्या हे त्याला सांगता येत नाही. दोघे फिरले की सुटलेल्यांचाही अंदाज बांधता येतो.

मल्हारगंजच्या बाजूच्या एका वॉर्डाचे उदाहरण असे. पहिल्या सहकाऱ्याने 24 ठेले नोंदवले, दुसऱ्याने 21, आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या तेव्हा 18 ठेले दोघांतही होते. दुसऱ्याच्या 21 पैकी 18 पहिल्याला सापडले होते, म्हणजे पहिल्याची नजर सुमारे 86 टक्के ठेले टिपते. मग त्याचे 24 हे एकूण संख्येच्या 86 टक्के आहेत असे धरले, तर एकूण 28 येतात. सूत्र एवढेच:

```
एकूण = (पहिल्याचे × दुसऱ्याचे) ÷ सामाईक
     = (24 × 21) ÷ 18 = 28
```

यात दोन धोके आहेत. एकच गाडी आठ वाजता शाळेच्या फाटकाशी आणि साडेनऊ वाजता बसथांब्यावर उभी असेल तर ती दोन वेगळ्या गाड्या म्हणून लिहिली जाते. मग सामाईक संख्या कमी दिसते आणि एकूण फुगते. म्हणून जागेऐवजी विक्रेता आणि गाडीची ओळख लिहायची असा नियम केला: गाडीचा रंग, पाटीवरचे नाव, सोबत जलेबीची कढई आहे की नाही. दुसरा धोका उलटा आहे. काही ठेले दोघांनाही सारखेच अवघड असतात, उदाहरणार्थ कारखान्याच्या आवारात लागणारे, आणि ते दोन्ही याद्यांतून सुटतात. अशा वेळी आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. त्यावर सूत्रात उपाय नाही. त्या वॉर्डांतल्या चहावाल्यांना ‘आत कुठे पोहे मिळतात’ एवढे विचारून घेतो आहोत.

23 नोव्हेंबर, शनिवार

मोजणी पूर्ण झाली. दुहेरी यादीची दुरुस्ती केल्यावर जुन्या शहराच्या गटात वॉर्डमागे सरासरी 28, मधल्या गटात 19 आणि कडेच्या गटात 11 ठेले निघाले. वॉर्डांच्या संख्येने गुणले की 560, 570 आणि 385, म्हणजे एकूण 1,515. तेरा वॉर्डांवरून पंच्याऐंशींचा अंदाज करताना शेवटच्या 15 ला काही अर्थ उरत नाही, म्हणून पुढच्या हिशेबात 1,500 धरतो आहे, आणि एकाच गटातल्या वॉर्डांमध्ये दिसलेला फरक पाहून 1,250 ते 1,750 असा पल्ला लिहितो आहे.

थंडीत केलेली ही मोजणी आहे. पावसाळ्यात उघड्यावरच्या गाड्या कमी लागतात हे सगळेच सांगतात. पण स्टीमर विकत घेणारा वर्षभराचा धंदा करणारा असेल, त्यामुळे ही उणीव पुढच्या गाळणीत आपोआप निघून जाईल असे मला वाटते.

27 नोव्हेंबर, बुधवार

दुसरी आणि तिसरी गाळणी एकत्रच चालू आहे. ‘महिन्याला गॅस किती लागतो?’ या प्रश्नाचे उत्तर भरवशाचे मिळत नाही. त्याच सिलिंडरवर चहा होतो, पोह्यांची फोडणी होते, कधी संध्याकाळी भजी होतात. मल्हारगंजमध्ये एक मराठी पोहेवाले भेटले, त्यांनीच वाट दाखवली. ते म्हणाले, “भाऊ, गॅसचा हिशेब मला सांगता येणार नाही, पण पाण्याचं विचारा, ते मी स्वतः भरतो. सकाळी पातेलं काठोकाठ, आणि बंद करेपर्यंत हा दोन लिटरचा डबा तीन-चारदा तरी ओततो.”

हे फार उपयोगी निघाले, कारण उडालेले पाणी हा वाया गेलेल्या गॅसचा थेट पुरावा आहे. उकळते एक लिटर पाणी पूर्ण वाफ व्हायला सुमारे 2,257 किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो एलपीजी जळाला की सुमारे 46,000 किलोज्यूल मिळतात, पण उघड्या ठेल्यावर वाऱ्यात त्यातले निम्म्याहून कमीच पाण्यापर्यंत पोहोचतात. आम्ही 45 टक्के धरले. मग एक लिटर पाणी उडवायला सुमारे 110 ग्रॅम गॅस लागतो. 19 किलोचा व्यापारी सिलिंडर 1,900 रुपयांचा धरला तर प्रत्येक लिटरमागे 11 रुपये. 45 टक्क्यांचा आकडा अंदाजाने घेतलेला असल्यामुळे तपासणे भाग होते. दोन ठेल्यांवर सिलिंडर सकाळी आणि बंद करताना काट्यावर तोलला, त्या वेळात फक्त वाफेची शेगडी चालू ठेवायला सांगितले, आणि ओतलेले पाणी मोजले. लिटरमागे एका ठिकाणी 95 आणि दुसऱ्या ठिकाणी 130 ग्रॅम गॅस लागला होता. 130 वाला ठेला चौकात वाऱ्याच्या तोंडी आहे. म्हणजे 110 हा आकडा चालण्यासारखा आहे.

भंवरकुआंच्या एका ठेल्यावर साडेसहा ते साडेअकरा या पाच तासांत 7 लिटर पाणी उडाले. त्याच जागी दुसऱ्या दिवशी आमचा स्टीमर लावला तेव्हा अडीच लिटर उडाले. साडेचार लिटर वाचले, म्हणजे रोजचे सुमारे 50 रुपये. 8,500 रुपये 170 दिवसांत, साधारण सहा महिन्यांच्या धंद्यात परत येतात. पोह्यांचा मऊपणा टिकतो का, याकडे मालकाचे गॅसपेक्षा जास्त लक्ष होते, आणि ते योग्यच आहे: वाफ फार कमी केली तर परातीच्या कडेचे पोहे कोरडे पडतात आणि गिऱ्हाईक ताटली परत करते. म्हणून स्टीमर वाफ पूर्ण बंद करत नाही, आणि सगळे पाणी वाचवण्याची अपेक्षाही ठेवता येत नाही. उडणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश वाचते असे धरतो आहे.

30 नोव्हेंबर, शनिवार

यावरून कोणाला वस्तू परवडते याची रेषा आखता आली. पोहेवाल्यांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली की वर्षाच्या आत पैसे वसूल होत नसतील तर ते हात घालत नाहीत, आणि बहुतेकांना नऊ-दहा महिन्यांच्या पुढे ऐकायचेच नसते. रोज 5 लिटर पाणी उडत असेल तर साधारण 3.2 लिटर वाचेल, म्हणजे 35 रुपये. महिन्याचे 28 दिवस धंदा धरला तर पैसे नऊ महिन्यांच्या आत निघतात. 3 लिटरवाल्याला चौदा महिन्यांहून जास्त लागेल. म्हणून रेषा 5 लिटरवर.

मोजलेल्या वॉर्डांतले ठेले पाहता सुमारे दोन तृतीयांश ठिकाणी गॅसवर तीन तासांहून अधिक वाफ चालते. बाकीचे एकतर तास-दीड तासात माल संपवून उठतात किंवा कोळशाच्या शेगडीवर काम करतात. 1,500 मधून 1,000 उरले. त्यांपैकी 5 लिटरच्या वर पाणी उडणारे सुमारे 60 टक्के, म्हणजे 600.

हा 600 चा आकडा लिहिल्यावर मी थोडा वेळ थांबलो, कारण डायच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळते. डायला 643 नग हवेत. शहरातल्या प्रत्येक योग्य ठेल्याने एकेक स्टीमर घेतला तरी 600. स्टीमर पाच वर्षे टिकेल असे धरले तर त्यानंतर बदलीची मागणी वर्षाला फार तर 120.

3 डिसेंबर, मंगळवार

पुढे जाण्याआधी 1,500 ठेल्यांचा आकडा दुसऱ्या वाटेने तपासला, ज्या वाटेत वॉर्डांची मोजणी अजिबात येत नाही.

ठेल्यांवर रोज सरासरी 8 किलो कोरडे पोहे भिजतात. एक किलोतून साधारण 20 प्लेटा निघतात. हे आम्ही एका ठेल्यावर वाढप्याच्या हाताशी उभे राहून मोजले, आणि वर शेव, कांदा, जीरावन किती पडते त्यावर हा आकडा फारसा हलत नाही, कारण प्लेट पोह्यांच्या कलथ्यानेच ठरते. म्हणजे 1,500 ठेल्यांवर रोज 2 लाख 40 हजार प्लेटा. 2011 ची 19.6 लाखांची लोकसंख्या घेतली तरी आठांत एक माणूस रोज सकाळी बाहेर पोहे खातो असा याचा अर्थ. आज लोकसंख्या वाढलेली असल्याने प्रमाण त्याहून कमीच येईल. इंदूरसाठी हे पटण्यासारखे आहे.

आता टिपणातले 4,900 पोहेवाले याच तराजूत घातले तर रोजच्या 7 लाख 84 हजार प्लेटा होतात, म्हणजे त्याच लोकसंख्येत तान्ह्या मुलांसकट पाचांत दोघे रोज ठेल्यावर उभे असले पाहिजेत. इतकी गर्दी इथे रविवारीही दिसत नाही. एका वाक्यात सांगता येईल असा हा आक्षेप आहे, आणि भागीदारांना तो लगेच पटला.

तिसरी वाट सियागंजच्या घाऊक व्यापाऱ्यांची होती. 12 टन रोजचा खप दिसतो का, हे विचारले. पण तिथला माल घरगुती गिऱ्हाइकाला आणि आसपासच्या गावांनाही जातो, काही ठेलेवाले उज्जैनच्या मिलचा माल थेट घेतात, आणि ठेल्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. या वाटेने मिळालेले काहीही हिशेबात घेतले नाही.

7 डिसेंबर, शनिवार

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे: पैसे कोण काढेल? 25 नोव्हेंबरपासून दोन नमुना स्टीमर रोज दोन ठेल्यांवर एकेका सकाळसाठी लावतो आहोत. सगळे ठेले 5 लिटरच्या वरचे आणि मोजणीच्या यादीतून चिठ्ठीने काढलेले. धंदा आटोपल्यावर मालकाला दोन गोष्टी विचारतो. आधी, ‘ही वस्तू घ्याल का?’ मग, ‘आज 500 रुपये बयाणा देऊन नाव लिहाल का? वस्तू तयार होईपर्यंत केव्हाही परत मागा, परत देऊ.’

दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगळ्या रकान्यांत लिहायची, असा मी आग्रह धरला आहे. इंदुरात ठेल्यावर आलेल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची रीत नाही, आणि ज्याने सकाळभर फुकट गॅस वाचवून दिला त्याला तर नाहीच नाही.

16 डिसेंबर, सोमवार

40 ठेले झाले. ‘घेऊ’ म्हणणारे 27. बयाणा देणारे 6.

27 वर विसंबलो असतो तर 600 पैकी 405 नग आले असते. 6 धरले तर 15 टक्के, म्हणजे 90. ज्या 21 जणांनी ‘घेऊ’ म्हणूनही बयाणा दिला नाही, त्यांच्याकडून मिळालेली कारणे वाचण्यासारखी आहेत. गॅस वाचत नाही असे कोणीच म्हणाले नाही. काहींची आताची पातेली नवी आहेत, काहींना रक्कम हप्त्याने हवी आहे, आणि बऱ्याच जणांना आधी शेजारच्या ठेल्यावर महिनाभर चाललेला स्टीमर पाहायचा आहे. हप्त्यांचा मुद्दा खरा आहे: 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिले कर्ज 10,000 रुपयांपर्यंतचे होते, आणि ते माल भरण्यासाठी खर्च करावे की भांड्यासाठी, याचा विचार ठेलेवाला नीट करतो.

40 पैकी 6 या नमुन्यावर किती भार टाकायचा? एवढ्या लहान नमुन्यात खरे प्रमाण 7 टक्क्यांपासून 29 टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. सगळे टप्पे खालच्या कडेला धरले (1,250 ठेले, त्यातल्या 60 टक्क्यांकडे लांब वाफ, त्यातले निम्मे 5 लिटरच्या वर, आणि 7 टक्के खरेदी) तर 26 नग येतात. सगळे वरच्या कडेला धरले (1,750, 70 टक्के, 65 टक्के, 29 टक्के) तर 231. मधला आकडा 90.

या पल्ल्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. ठेल्यांची संख्या वरखाली झाली तर उत्तर सहाव्या हिश्श्याने हलते. खरेदीचे प्रमाण हलले तर ते निम्मे किंवा दुप्पट होते. आणखी दहा वॉर्ड मोजायचा प्रस्ताव होता, तो मी याच कारणाने नाकारला. तेवढ्या सकाळी बयाण्याचा नमुना वाढवण्यात घालवल्या तर अंदाज जास्त सुधारेल.

डायसाठी 643 गाठायचे तर सर्व गृहीतके एकाच वेळी वरच्या कडेला असली पाहिजेत आणि पहिल्या वर्षाचा 231 चा वेग सलग तीन वर्षे टिकला पाहिजे. डाय करवायची नाही, यावर आता दुमत नाही.

19 डिसेंबर, गुरुवार

पाचवा प्रश्न शेवटी ठेवला होता आणि तोच सर्वांत कडक निघाला. 90 नग विकले जातील हे कोणाच्या पायांनी? बयाणा देणाऱ्या सहाही जणांनी स्वतःच्या पोह्यांवर एक पूर्ण सकाळ स्टीमर पाहिला होता. म्हणजे एक दाखवणी एका माणसाची एक सकाळ खाते. महिन्याला 24 सकाळी धरल्या तर एका विक्रेत्याच्या वर्षात 288 दाखवण्या होतात, आणि 15 टक्क्यांनी 43 विक्री. 600 ठेल्यांपर्यंत वर्षात पोहोचायला अशी दोन माणसे लागतील.

एका माणसाचा पगार महिना 15,000 धरला तर वर्षाचे 1 लाख 80 हजार, 43 नगांवर वाटले की नगामागे जवळजवळ 4,200 रुपये. वस्तूची किंमत 8,500, आणि जॉबवर्कचा खर्च वजा जाता नगामागे हाती 2,800 रुपये राहतात. म्हणजे 90 नगांची मागणी आहे हे खरे असूनही, दारोदार दाखवून विकायचे ठरवले तर प्रत्येक नगामागे 1,400 रुपये तोटा आहे. टक्केवारीच्या टिपणात ही गोष्ट दिसण्याची सोयच नव्हती, कारण तिथे ‘20 टक्के वाटा’ कोणीतरी सकाळी सहाला उठून मिळवायचा असतो, याला जागा नाही.

काका, ज्यांच्या कारखान्यात नमुने बनले, म्हणाले, “अरे, मग किंमत वाढव.” पण 8,500 चे 10,500 केले तर 5 लिटरवाल्याची वसुली साडेदहा महिन्यांच्या पलीकडे जाते, रेषा 6 लिटरच्या वर सरकते आणि 600 मधले बरेच ठेले गळतात. किंमत आणि ठेल्यांची संख्या एकाच धाग्याने बांधलेली आहेत, आणि तो धागा आता आकड्यांत दिसतो, त्यामुळे हा वाद दहा मिनिटांत मिटला.

21 डिसेंबर, शनिवार

ठरलेले असे. पहिली खेप 25 स्टीमरची, सांवेर रोडवर जॉबवर्कने. सहा बयाणे दिलेल्यांना आधी. त्यांच्या ठेल्यांच्या आसपास, चालत पाच मिनिटांच्या आत असलेले 5 लिटरवरचे सगळे ठेले मोजणीच्या यादीतून वेगळे काढले आहेत. तिथे दाखवणी करायची नाही, फक्त बर्तन बाजारातल्या एका दुकानात स्टीमर ठेवायचा आणि त्या दुकानाचा पत्ता स्टीमरच्या पाटीवर लिहायचा. शेजाऱ्याचा स्टीमर पाहून किती जण स्वतःहून दुकानात जातात, हे फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत लिहून ठेवायचे. दुकानदाराला नगामागे 900 रुपये द्यायचे ठरले आहे. दाखवणीशिवायचे प्रमाण 5 टक्के जरी निघाले, तरी 600 मधून 30 नग येतात आणि नगामागे 1,900 रुपये हाती राहतात. 2 टक्क्यांच्या खाली गेले तर इंदुरापुरता हा धंदा वर्षाला डझनभर नगांचा आहे असे समजून दुसरी खेप काढायची नाही.

बँकेच्या टिपणात 83 लाखांच्या जागी आता 90 नग, 7 लाख 65 हजार रुपये, पल्ला 26 ते 231 नग, असे लिहिले आहे, आणि खाली पाचही गृहीतके व त्यांपैकी प्रत्येक कशी मोजली हे जोडले आहे. भागीदारांना आकडा लहान वाटतो. त्यांनी सही केली आहे.